लॅक्टुलोज किती द्यायचं? आईच्या सिरॉसिसमधलं आमचं कॅलेंडर

आईला लिव्हर सिरॉसिस आहे हे २०२१ मध्ये कळलं. दारूचा थेंब नाही. वीस-बावीस वर्षांचा मधुमेह आणि फॅटी लिव्हर यातून ते झालं. पहिली दोन वर्षं पाणी काढणाऱ्या गोळ्या, कमी मीठ आणि तीन महिन्यांनी सोनोग्राफी एवढ्यावर गेली. फेब्रुवारी २०२३ पासून मात्र तिला वरचेवर भ्रम होऊ लागला आणि तेव्हापासून लॅक्टुलोजची बाटली घरात कायमची आली. बाटलीवर 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार' एवढंच असतं आणि डॉक्टर म्हणतात, 'दोन-तीन वेळा पोट साफ होईल इतकं द्या.' या दोन वाक्यांच्या मध्ये घरच्या माणसाने रोज नेमकं काय करायचं, ते शिकायला आम्हाला जवळपास वर्ष लागलं. त्याबद्दल हे लिहिते आहे.

फेब्रुवारीतला तो पहिला झटका अचानक आला नव्हता. आधीचे काही दिवस आई रात्री जागी असायची. दोन वाजता उठून मांडणीतली भांडी काढून परत लावायची, आणि दुपारी जेवताना हातात घास धरून पेंगायची. सिरॉसिसच्या रुग्णात रात्र आणि दिवस असे उलटे होणं ही मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची खूण असते, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग एका सकाळी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि गाऊनवरच साडी नेसायला लागली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आधी बोटातून रक्त काढून साखर बघितली, ती १४२ होती. मधुमेही माणूस असंबद्ध बोलायला लागला की पहिलं काम हेच, कारण साखर उतरली तरी चित्र असंच दिसतं आणि तिचा उपाय पूर्ण वेगळा असतो.

साताऱ्यातल्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर ताणून मनगटं मागे वाकवायला सांगितलं. तळहात सारखे खाली पडत होते, परत वर येत होते. त्यांनी विचारलं, 'पोट कधी साफ झालंय?' अण्णा म्हणाले, चार दिवस झाले. निदान लिहिलं गेलं: हेपॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर झालेला परिणाम. कारण: बद्धकोष्ठता.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. चांगलं यकृत तो रक्तातून काढून टाकतं. सिरॉसिसमध्ये तो तसाच पुढे जाऊन मेंदूपर्यंत पोचतो. लॅक्टुलोज ही न पचणारी साखर आहे. ती लहान आतड्यात शोषली जात नाही, मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिचं आम्ल करतात. आम्लात अमोनियाचं रूप असं बदलतं की तो आतड्याच्या भिंतीतून रक्तात परत शिरू शकत नाही. शिवाय ही साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे पोट साफ होतं आणि सगळं बाहेर पडतं. म्हणून हे औषध पोट बिघडल्यापुरतं घ्यायचं नसून रोज घ्यायचं असतं. जुलाबाचं औषध डोकं ताळ्यावर यायला का देतात, हा नातेवाइकांचा प्रश्न पुढे मी कितीतरी वेळा ऐकला.

तिसऱ्या दिवशी आई पूर्ण भानावर आली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: लॅक्टुलोज ३० मिली, दिवसातून तीनदा.

इथून आमचं खरं शिक्षण सुरू झालं. ३० मिली तीनदा हा डोस भरती असताना, चार दिवसांचं तुंबलेलं पोट मोकळं करताना ठरला होता. घरी तोच चालू राहिला. पहिले दोन-तीन दिवस ठीक गेले, मग दिवसाला सहा-सात वेळा, तेही पाण्यासारखं. आई संडासात जाऊन यायचीच दमायची. जिभेला कोरड पडली, पायात वांब यायला लागले आणि आठवड्याच्या शेवटी ती पुन्हा गुंगीत. आम्हाला वाटलं औषध कमी पडतंय. रुग्णालयात रक्त तपासलं तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं आणि पोटॅशियम घसरलेलं. जुलाबातून पाणी गेलं होतंच, वर पाणी काढणाऱ्या गोळ्याही चालू होत्या. पोटॅशियम कमी झालं की मूत्रपिंड स्वतःच जास्त अमोनिया बनवायला लागतं, म्हणजे औषध जास्त होऊनही तोच भ्रम येतो. एक रात्र सलाइनवर काढून, पाण्याच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवून ती घरी आली.

त्यानंतर दादाने पुण्यातल्या यकृततज्ज्ञांची वेळ घेतली. फोन सकाळी नऊला सुरू होतो आणि अर्ध्या तासात आठवड्याचे नंबर संपतात, त्यामुळे आम्हाला दोन आठवडे थांबावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी बाकी फाइल बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारले. काल किती वेळा आणि कसं झालं? काल रात्री झोपल्या का? आम्हाला दोन्हीची नक्की उत्तरं देता आली नाहीत. अण्णा म्हणाले 'तीनदा', आई म्हणाली 'एकदाच'. डॉक्टर आईला म्हणाले, 'आजी, मला अमोनियाचा रिपोर्ट नको, हा हिशेब लिहून आणा.'

तेव्हा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय कामाला आलं. ज्या चौकटीत आम्ही दुधाचा खाडा लिहितो, तिथेच आता तीन गोष्टी लिहितो: दिलेलं औषध मिलीत, शौचाच्या खुणा आणि रात्रीची झोप. दिवस सकाळी सहा ते सहा मोजतो, नाहीतर पहाटेचं कुठल्या दिवसात धरायचं यावर वाद होतो.

शौच मोजण्यात दोन अडचणी येतात. एक म्हणजे लाज. आई सत्तरीकडे आलेली बाई, मुलीला किंवा नवऱ्याला हे रोज सांगणं तिला नको वाटायचं. मग संडासाच्या दाराशी खडू बांधला आणि तिने बाहेर येताना रेघ मारायची ठरली. विचारणं थांबलं तसा हिशेबही खरा झाला. दुसरी अडचण, काय मोजायचं. जरासं डागापुरतं झालं ते डॉक्टर धरत नाहीत. बऱ्यापैकी झालं तरच रेघ. आकड्याइतकंच महत्त्व कसं झालं याला आहे. आम्हाला हवं असतं ते पिकल्या केळ्याइतकं मऊ. खडे असतील तर तीनदा जाऊनही पोट साफ नाही. निव्वळ पाणी असेल तर दोनदाही जास्तच. म्हणून पाण्यासारखं असेल तर रेघेऐवजी टिंब. काळं, डांबरासारखं आणि घाण वासाचं झालं तर मोजत बसायचं नाही, ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं, सरळ रुग्णालय गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण ते ठरवणं आपलं काम नाही.

झोपेची नोंद अण्णांकडे. ते त्याच खोलीत झोपतात. सुरुवातीला ते नुसतं 'नीट' किंवा 'नाही' लिहायचे, पण त्यातून काही कळेना. यकृताच्या बऱ्याच रुग्णांची झोप एरवीही पातळ असते. खाज येते, पायात वांब येतात, लघवीला उठावं लागतं. त्यामुळे आईची स्वतःची चांगली रात्र कशी असते ते आधी ठरवावं लागलं: दहाला आडवी, दोनदा उठते, परत झोपते, साडेपाचला जाग, दुपारी अर्धा तास डुलकी. यापासून किती ढळलं ते बघायचं. उठणं आम्ही धरत नाही. उठून परत न झोपणं आणि दुसऱ्या दिवशी भलत्या वेळी पेंगणं, या दोन्ही गोष्टी जोडीने आल्या तर चौकटीत लाल फुली. पाण्याची गोळी सकाळी दिली आणि लॅक्टुलोजचा शेवटचा डोस आठच्या आत, तेव्हा निम्म्या रात्रींचं उठणं तसंच कमी झालं. झोपेची गोळी मात्र कितीही रात्री जाग्या गेल्या तरी द्यायची नाही. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधंही नाहीत. एकदा शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलं खोकल्याचं सिरप मी परत करून आले.

तिसरी खूण आम्हाला आपोआप मिळाली. आई रोज संध्याकाळी जपाची वही लिहिते. बिघडायच्या आधी तिच्या ओळी उतरत्या होतात, अक्षरं एकमेकांत शिरतात, एखादा 'राम' दोनदा येतो. डॉक्टरांना ती वही फार आवडली. तुमच्या घरी असं काही नसेल तर रोज एका ठरावीक ओळीवर नाव आणि तारीख लिहून घ्या. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायला लावणं ही डॉक्टरांचीही चाचणी आहे. आईचे एरवी चौदा-पंधरा होतात. दहाच्या खाली गेले की आम्ही सावध होतो.

डोसचा नियम डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिला. तो फक्त आईसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या माणसासाठी असाच लिहून घ्या. मूळ डोस २० मिली तीनदा: सकाळी सातला, दुपारी दोनला, संध्याकाळी साडेसातला. दुपारपर्यंत एकदाही झालं नाही तर दोनचा डोस ३० मिली. आदल्या दिवशी दोनपेक्षा कमी रेघा असतील तर दिवसभर ३०-३०-३०, दोन मऊ रेघा होईपर्यंत, मग परत २० वर. चारपेक्षा जास्त किंवा दोन टिंबं झाली तर पुढचा एक डोस गाळायचा आणि त्यानंतर १५ वर सुरू करायचं; पण चोवीस तासांहून जास्त काळ पूर्ण बंद कधीच नाही. जुलाब होतायत म्हणून औषध थांबवलं आणि तीन दिवसांनी भ्रम झाला, ही गोष्ट ओपीडीच्या बाकावर शेजारच्या दोन कुटुंबांनी मला सांगितली.

या नियमातला मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग वाट बघण्याचा. आज वाढवलेल्या डोसचा परिणाम पूर्ण दिसायला एक-दोन दिवस जातात. सकाळी वाढवलं, संध्याकाळी काही झालं नाही म्हणून परत वाढवलं, की परवा टिंबंच टिंबं. एका पायरीने बदलायचं आणि चोवीस तास थांबायचं. अपवाद एकच: ती गोंधळलेली आहे, पण पूर्ण जागी आहे आणि नीट गिळते आहे. तेव्हा ३० मिली लगेच द्यायचं, पोट साफ होईपर्यंत दर एक-दोन तासांनी परत, आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघायचं. गुंगीत असेल, हाक मारल्यावर डोळे उघडून परत मिटत असेल, तर तोंडातून काहीच नाही. चिकट पातळ औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. अशा वेळी रुग्णालयात ते नाकातल्या नळीने किंवा एनिमातून देतात.

मे महिन्यात कराडला भाच्याचं लग्न होतं. एसटीच्या प्रवासात पंचाईत नको म्हणून आईने आदल्या दिवसापासून औषध घेतलंच नव्हतं. कॅलेंडरवर दोन चौकटी रिकाम्या होत्या. लग्नाहून आल्यावर रात्रभर जागरण, सकाळी वहीतल्या ओळी घसरलेल्या. नियमाप्रमाणे ३०-३०-३० केलं, डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोन रेघा झाल्या आणि त्या रात्री ती झोपली. भरती करावं लागलं नाही. त्यानंतर प्रवासासाठी डॉक्टरांनी वेगळी सोय सांगितली: डोस गाळायचा नाही, सरकवायचा. सकाळी निघायचं असेल तर सकाळचा डोस पोचल्यावर घ्यायचा, दिवसाचा एकूण हिशेब पुरा करायचा. आम्ही आता गाडी करून जातो आणि मोठ्यांचा डायपर घालून निघतो. आईने आधी नाक मुरडलं, आता स्वतःच पिशवीत ठेवते.

ऑक्टोबरमधला प्रसंग सर्वांत वेगळा होता. औषध २०-२०-२०, रोज तीन रेघा, सगळ्या मऊ, टिंब एकही नाही. आणि तरी लागोपाठ दोन रात्री लाल फुली. प्राणी सातवर अडकले. मावशी म्हणाली डोस वाढवून बघा. पण त्याच प्रिस्क्रिप्शनच्या मागे खाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: 'शौच बरोबर आणि झोप उलटी असेल तर वाढवू नका, माझ्याकडे या.' पोट साफ होत असताना भ्रम येतोय म्हणजे अमोनियाला दुसरीकडून खतपाणी मिळतंय. संसर्ग, आतला रक्तस्राव, क्षारांचा बिघाड, एखादं नवीन औषध, यातलं काहीतरी असणार. आम्ही त्याच दिवशी पुण्याला गेलो. ताप नव्हता, तक्रार नव्हती. पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासलं, ते स्वच्छ निघालं, पण लघवीत संसर्ग होता. प्रतिजैविकं सुरू झाली आणि चार-पाच दिवसांत लॅक्टुलोजचा एक थेंबही न वाढवता रात्री जागेवर आल्या. त्या वेळी केवळ बाटली हातात होती म्हणून डोस वाढवला असता, तर पहिल्या डिस्चार्जनंतर झाले तसे जुलाब आणि वर संसर्ग, अशी गत झाली असती.

पुन्हापुन्हा होतंय म्हणून तेव्हाच रिफॅक्सिमिन हे आतड्यातल्या जिवाणूंवरचं प्रतिजैविक ५५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा जोडलं गेलं. ते लॅक्टुलोजच्या ऐवजी नाही, सोबत. 'हे जन्मभर घ्यायचं का,' असं अण्णांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातला २००९ मध्ये छापून आलेला अभ्यास सांगितला. एकदा भ्रम होऊन गेलेल्या रुग्णांपैकी लॅक्टुलोज घेणाऱ्या सुमारे वीस टक्क्यांना तो परत झाला, न घेणाऱ्या सुमारे सत्तेचाळीस टक्क्यांना. अण्णांनी परत तो प्रश्न काढला नाही.

खर्चाचं सांगते, कारण त्याची कल्पना आधी कोणी देत नाही. २० मिली तीनदा म्हणजे महिन्याला १८०० मिली, २०० मिलीच्या नऊ बाटल्या. आम्हाला बाटली अडीचशेच्या आसपास पडायची, म्हणजे सव्वादोन हजार. रिफॅक्सिमिनचे जवळपास तेवढेच वेगळे. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं, पण एकदम नऊ बाटल्या नसतात, आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. बाटलीवर १५ मिलीत १० ग्रॅम हे प्रमाण आहे ना ते बघून घ्या, आणि बाटलीसोबतचं मापच वापरा, चमच्यांचा आकार घरोघर वेगळा.

विम्यात भरतीनंतरच्या साठ दिवसांतली औषधं मिळतात, असं आमच्या पॉलिसीत होतं. दाव्यावर पहिला आक्षेप आला तो 'एवढ्या बाटल्या कशाला' हाच, कारण प्रिस्क्रिप्शनवर नुसतं 'लॅक्टुलोज, गरजेप्रमाणे' होतं. आता डॉक्टर '१५ ते ३० मिली तीनदा, शौचानुसार, महिन्याला २७०० मिलीपर्यंत' असं लिहून देतात. बिलावर मेडिकलवाला 'कॅश' लिहितो, तिथे रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव घालून घ्या. पाकिटात मूळ बिलं देण्याआधी झेरॉक्स काढा.

खाण्याबद्दल एकच. नातेवाइकांनी डाळ, दूध बंद करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी उलट सांगितलं: स्नायूही रक्तातला अमोनिया काढून टाकतात, ते वाळवू नका. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५८ किलोच्या आईला सत्तरच्या पुढे; डाळ, दही, पनीर, मूग. झोपायच्या आधी थोडं काहीतरी, उपाशी रात्र नको. एकादशी त्यामुळे सुटली, ते तिला औषधापेक्षा जड गेलं. लॅक्टुलोजने पोट फुगतं आणि गोडमिट्ट चव नकोशी होते. ती ते अर्धा पेला कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते. साखर थोडी वरखाली झाली, तिचा हिशेब मधुमेहाच्या डॉक्टरांनी केला.

जानेवारी २०२४ पासून दिवसा एक मावशी येतात, कारण माझी शाळा असते. त्यांना कॅलेंडर कसं भरायचं ते पहिल्या दिवशीच समजलं. पटवायला वेळ लागला तो एकाच गोष्टीला, की आजी झोपेत असतील तर दोनचा डोस हलवून जागं करून, बसवून, दोन वाक्यं बोलायला लावूनच द्यायचा. जाग आली नाही तर औषध बाजूला ठेवून मला आणि १०८ ला फोन. तो कागद फ्रिजवर आहे, त्यावर पुण्याच्या ओपीडीचा नंबर, सगळ्या औषधांची यादी आणि मागच्या महिन्यातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन लिहिलंय. रुग्णालयात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारतात.